फोटोतलं वेळापत्रक मराठीत आणलं, पण वार चुकतोय

तक्रार नेहमी एकाच धाटणीची असते. नाशिकरोडच्या चौकशी खिडकीजवळच्या तक्त्याचा कुणीतरी फोटो काढतो, फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमधून तो मराठीत आणतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. वेळा बरोबर असतात, गावांची नावंही बरोबर असतात, तरीही एखादं कुटुंब सिडकोतून बॅगा घेऊन स्टेशनवर पोहोचतं आणि त्या दिवशी ती गाडीच नसते. कधी गाडी आदल्या रात्री गेलेली असते, तर कधी दोन दिवसांनी येणार असते.

ॲप बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण चूक तीन वेगळ्या ठिकाणी होते: फोटो वाचताना, शब्द मराठीत आणताना आणि वार लावताना. पहिल्या दोन चुका डोळ्यांना दिसतात. तिसऱ्या चुकीत मात्र भाषांतर शब्दशः अचूक असतं आणि माहिती चुकीची असते. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा तिला दिली आहे.

नमुन्यासाठी तीन ओळी घेऊ. या खऱ्या गाड्यांच्या वेळा नाहीत, पण तक्त्यावर ओळी अशाच दिसतात. गाड्या मुंबईकडे जाणाऱ्या आहेत.

```
Dep.    PF   Days      Remarks
01.40   2    M Th      Bi-weekly
06.15   1    Ex. Su
23.20   3    Daily
```

ॲपमधून गेल्यावर याचं साधारण असं काहीतरी होतं:

```
विभाग   पीएफ   दिवस      शेरा
1.40    2     म गु      पाक्षिक
6.15    1     माजी सु
23.20   3     रोज
```

पहिला शब्द पाहिला की हसू येतं. सुटण्याच्या वेळेच्या रकान्याला ‘विभाग’ म्हटलंय, कारण दोन्हीचं इंग्रजी लघुरूप एकच आहे. पण हसण्यासारख्या चुका निरुपद्रवी असतात, त्या कुणालाच फसवत नाहीत. फसवतात ते ‘पाक्षिक’ आणि ‘म गु’.

आधी शब्द, कारण ते लवकर उरकतात

रेल्वेच्या भाषेत `Bi-weekly` म्हणजे आठवड्यातून दोनदा. दोन आठवड्यांतून एकदा नव्हे, म्हणजेच पाक्षिक नव्हे. `Tri-weekly` म्हणजे आठवड्यातून तीनदा. ‘द्विसाप्ताहिक’ हा शब्द छापील मराठीत दिसतो, पण तोही वाचणाऱ्याला दोन्हीकडे नेतो. ‘आठवड्यातून दोनदा’ लिहिलं की वाद मिटतो.

`Ex.` हा त्याहून खोडकर. वाराआधी आला तर ‘सोडून’: रविवार सोडून रोज. गावाच्या नावाआधी आला तर त्याचाच अर्थ ‘हून’: पुण्याहून, नाशिकरोडहून. एकाच तक्त्यात दोन्ही अर्थ सापडू शकतात, म्हणून पुढचा शब्द वार आहे की गाव हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. ॲपला बहुतेक वेळा ‘माजी मुख्यमंत्री’ मधला तिसराच अर्थ आठवतो.

`PF` म्हणजे इथे फलाट. ‘भविष्य निर्वाह निधी’ किंवा ‘व्यासपीठ’ आलं तर ते हातानेच बदलावं लागतं. बोलताना आपण प्लॅटफॉर्म म्हणतो, लिहिताना फलाट. दोन्ही चालतात, फक्त एकाच कागदावर दोन्ही नकोत. छापील तक्त्यावरचा फलाट हा नेहमीचा फलाट असतो, त्या दिवशीचा नव्हे. मराठी तक्त्यात तो रकाना ठेवायचाच असेल तर त्याला ‘नेहमीचा फलाट’ असं नाव द्यावं. नाहीतर लोक घोषणा ऐकण्याऐवजी कागदावर विसंबून जिना चढतात.

अप आणि डाऊन यांचं ‘वर’ आणि ‘खाली’ करू नये. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी ती अप आणि मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन. नाशिकरोडच्या वाचकासाठी सरळ ‘मुंबईकडे’ आणि ‘मनमाडकडे’ लिहा.

वार कुठला? गाडी जिथून निघते तिथला

आता मूळ दुखणं. नमुन्यातल्या पहिल्या ओळीत सोमवार आणि गुरुवार आहेत. ॲपचं ‘म गु’ हातानं सुधारून ‘सोम, गुरु’ केलं. शब्द बरोबर झाले, वेळ ०१.४० हीही बरोबर आहे. तरी सोमवारी ०१.४० ला नाशिकरोडला ही गाडी नसते.

कारण लांब पल्ल्याच्या गाडीचे वार बहुतेक छापील वेळापत्रकांत तिच्या उगमस्थानाचे दिलेले असतात. गाडी सोमवारी आणि गुरुवारी तिथून निघते. नाशिकरोडला ती कुठल्या वारी येते, हे आपण मोजायचं असतं. वेळ मात्र आपल्या स्थानकाची छापलेली असते. एकाच ओळीत वेळ इथली आणि वार तिथला, असं हे जोडकाम आहे.

मोजायचं कसं? गाडीचं सविस्तर वेळापत्रक उघडलं की प्रत्येक स्थानकापुढे ‘दिवस’ नावाचा रकाना असतो: १, २, ३. उगमस्थानाचा दिवस १. आपल्या स्थानकाच्या आकड्यातून एक वजा करायचा आणि उरलेला आकडा उगमस्थानाच्या वारात मिळवायचा.

नमुन्यातली गाडी उगमस्थानाहून रात्री २१.४० ला निघते आणि नाशिकरोडला ०१.४० ला सुटते, दिवस ३, असं धरू. तीनातून एक गेला, राहिले दोन. सोमवार अधिक दोन म्हणजे बुधवार. गुरुवार अधिक दोन म्हणजे शनिवार. नाशिकरोडहून ही गाडी बुधवारी आणि शनिवारी ०१.४० ला सुटते.

इथे एक चूक हमखास होते. २१.४० ते ०१.४० हा प्रवास २८ तासांचा. चोवीस तासांचा एक दिवस आणि वर चार तास, म्हणून लोक एकच दिवस पुढे सरकतात आणि मंगळवार लिहितात. पण रेल्वेचा दिवस तासांवर मोजत नाहीत, मध्यरात्रींवर मोजतात. सोमवारी रात्री एक मध्यरात्र ओलांडली, मंगळवारी रात्री दुसरी. दोन मध्यरात्री म्हणजे दोन वार पुढे, मग तास २८ असोत की ४५.

फोटोत ‘दिवस’चा रकाना नसेल, पण सगळ्या थांब्यांच्या वेळा असतील तरीही काम भागतं. उगमस्थानापासून एकेक वेळ खाली वाचत या. जिथे आकडा मोठ्यावरून लहानावर उडी मारतो, म्हणजे २३.०५ नंतर ०२.१० येतं, तिथे एक मध्यरात्र ओलांडली. अशा उड्या मोजा, तितके वार पुढे जा. फक्त मधले थांबे गाळलेले नसावेत. दोनच वेळा हातात असतील तर मध्ये एक रात्र गेली की दोन, हे त्या वेळांवरून ठरवता येत नाही.

‘सोडून’ असलेल्या ओळीही याच हिशेबाने सरकतात, आणि हे तर जवळजवळ सगळेच विसरतात. नमुन्यातली दुसरी गाडी उगमस्थानाहून रविवार सोडून रोज निघते आणि नाशिकरोडला दुसऱ्या दिवशी पोहोचते, असं समजा. मग नाशिकरोडला ती रविवारी येते, कारण ती शनिवारची निघालेली असते. तिचा खाडा इथे सोमवारी पडतो. मराठी तक्त्यात ‘सोमवार सोडून रोज’ असंच लिहायला हवं. मूळ फोटोशी ताडून पाहणारा तुम्हालाच चूक म्हणेल, त्यासाठी खाली उगमस्थानाचा वारही लिहून ठेवा.

रोजच्या गाड्यांना हा हिशेब लागत नाही, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. तक्त्यातल्या बहुतेक गाड्या रोजच्या असतात, त्या बरोबर निघतात आणि भाषांतरावरचा विश्वास वाढत जातो.

तक्त्यावरचे वार आधीच इथले असतील तर?

असतातही. काही स्थानकांवर स्थानिक लोकांसाठी रंगवलेल्या फलकावर त्या स्थानकाचेच वार लिहिलेले असतात. त्यांना पुन्हा पुढे सरकवलं की दुप्पट चूक. फलकाच्या मथळ्यात ‘उगमस्थानाहून’ अशा अर्थाचे शब्द असतील तर प्रश्नच नाही, पण ते बहुधा फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेले असतात.

ओळखायची खात्रीची रीत अशी. तक्त्यातली रोज न धावणारी आणि नाशिकरोडला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येणारी एक गाडी निवडा. रेल्वेच्या चौकशी संकेतस्थळावर तिचे उगमस्थानाचे वार पाहा, किंवा १३९ वर फोन करून विचारा. तक्त्यावरचे वार त्याच्याशी जुळले तर तक्ता उगमस्थानाचा. एक-दोन दिवस पुढचे निघाले तर तक्ता इथला. ही तपासणी एका गाडीवर थांबवू नका, किमान दोन घ्या. जुन्या फलकांवर बदललेल्या गाड्यांच्या पट्ट्या नंतर चिकटवलेल्या असतात, आणि पट्टी लावणाऱ्याने मूळ रंगवणाऱ्याची पद्धत पाळली असेलच असं नाही. पट्टीचा रंग किंवा अक्षर वेगळं दिसलं तर ती ओळ वेगळी तपासा.

मंगळवारची रात्र की बुधवारची पहाट?

वार मोजून झाला: बुधवार, ०१.४०. आता तो मराठीत कसा लिहायचा, इथे आणखी एक खड्डा आहे, आणि तो इंग्रजीतून आलेला नाही. आपल्याच बोलण्यातला आहे.

रेल्वेचा वार मध्यरात्री ००.०० ला बदलतो. पंचांगातला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. आपलं बोलणं आजही पंचांगाच्या बाजूचं आहे. रात्री पावणेदोनला कुणी ‘बुधवार उजाडला’ म्हणत नाही, ती मंगळवारचीच रात्र. त्यामुळे ‘बुधवारी रात्री १.४०’ असं लिहिलं की अर्धे लोक बुधवारी रात्री जेवून निघतात आणि चोवीस तास उशिरा पोहोचतात. तिकिटावर तारीख बरोबर असते, तरीही हे घडतं, कारण तारीख पाहूनही डोक्यात ‘त्या दिवशीची रात्र’ असंच उमटतं.

मध्यरात्र ते पहाटे चार यांमधल्या प्रत्येक गाडीला म्हणून दोन वार द्यायचे: ‘मंगळवार-बुधवारच्या मध्यरात्री ०१.४०, तारीख बुधवारची’. आणि ‘रात्री’ हा शब्द एकटा वापरायचा नाही. तक्त्यात जागा कमी असेल तर घर सोडायचा वार लिहा. लोकांना खरं तर तेवढंच हवं असतं.

```
नाशिकरोडहून मुंबईकडे
सुटते ०१.४०   बुध, शनि   आठवड्यातून दोनदा
घरून निघायचं: मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री
(उगमस्थानाहून सोम, गुरु)
```

वारांची लघुरूपं करताना एकाक्षरी जाऊ नये. इंग्रजीत मंगळ-गुरु आणि शनि-रवि या जोड्यांचं पहिलं अक्षर एकच, म्हणून तिथे घोळ होतो. मराठीत तो घोळ जातो आणि ‘श’ आला की शुक्र-शनिचा नवा सुरू होतो. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि एवढी अक्षरं कुठल्याही रकान्यात मावतात. उत्तरेकडच्या हिंदी फलकावर ‘वीरवार’ दिसला तर तो गुरुवार.

मोबाइलच्या पडद्याचा फोटो किंवा स्क्रीनशॉट असेल तर आणखी एक सापळा. तिथे आठवड्याची सातही अक्षरं ओळीने छापलेली असतात आणि गाडी नसेल त्या वाराचं अक्षर फक्त फिकं केलेलं असतं.

```
M  T  W  T  F  S  S
```

वाचणाऱ्या ॲपला फिकं-गडद कळत नाही. ते सातही अक्षरं उचलतं आणि आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी रोजची होते. अशा चित्रातले वार डोळ्यांनी पाहूनच लिहायचे. अक्षरं सोमवारपासून सुरू होतात की रविवारपासून, तेही आधी पाहून घ्या.

उशीर, रद्द आणि ‘नियमित’

उशिराच्या सूचनांचे फोटो ग्रुपवर सगळ्यात वेगाने फिरतात आणि त्यांचं भाषांतर सगळ्यात घाईत होतं. नमुन्यातल्याच ०१.४० च्या गाडीपुढे पाटीवर असं आलं:

```
Late by 01.30
```

मराठीत ते ‘उशिरा, १.३०’ असं उतरलं तर वाचणारा समजतो की गाडी दीडला येणार. म्हणजे वेळेच्या दहा मिनिटं आधी! खरा अर्थ ‘१ तास ३० मिनिटं उशीर’, म्हणजे गाडी ०३.१० च्या सुमारास. उशीर नेहमी तास-मिनिटं असे शब्द घालून लिहा आणि पुढे बेरीज करून अपेक्षित वेळही द्या. `RT` दिसलं तर ‘वेळेवर’.

‘रीशेड्यूल्ड’ आणि ‘डीलेड’ या दोन्हींना मराठीत ‘उशिरा’ म्हणून मोकळं होऊ नये. पहिल्यात उगमस्थानाहून सुटण्याची वेळच पुढे ढकललेली असते. नवी वेळ दिली असेल तर ती त्या स्थानकाची आहे, नाशिकरोडची नाही. दुसऱ्यात गाडी निघालेली आहे आणि वाटेत मागे पडली आहे. ‘मार्ग बदलला’ ही सूचना तर जपून वाचावी, कारण वळवलेली गाडी नाशिकरोडला येईलच असं नसतं. ‘शॉर्ट टर्मिनेटेड’ म्हणजे गाडी ठरलेल्या शेवटच्या स्थानकाआधीच संपवणार. मुंबईच्या गाडीबद्दल ती सूचना आली तर मराठीत कुठपर्यंत जाणार ते गावाच्या नावाने लिहा. ‘अंशतः रद्द’ एवढ्यावर भागवलं तर कुणाला काही कळत नाही.

आणि हा एक शब्द, जो अजून एकाही ग्रुपवर धडपणे उतरलेला दिसत नाही:

```
Regulated for 40 min
```

ॲप त्याचं ‘नियमित’ करतं. वाचणारा निर्धास्त होतो. वस्तुस्थिती उलटी असते: ब्लॉक किंवा पुढच्या कामामुळे गाडी वाटेत थांबवून ठेवणार आहेत, तीही ४० मिनिटं. ‘वाटेत ४० मिनिटं थांबवणार’ असं लिहा.

रद्द गाड्यांच्या पत्रकात तारखेआधी तीन अक्षरं असतात, `JCO`. ‘प्रवास सुरू होण्याची तारीख’ असा त्यांचा अर्थ, आणि तो प्रवास गाडीचा, तुमचा नव्हे. इथे वरचा सगळा हिशेब परत येतो, आणि या वेळी रोजच्या गाडीलाही लागतो. आपली नमुन्याची गाडी ८ जून, सोमवार या तारखेला रद्द असल्याचं पत्रक आलं तर नाशिकरोडला ती १० जूनच्या बुधवारी ०१.४० ला येणार नाही. ज्यांचं तिकीट १० तारखेचं आहे ते पत्रकातली ८ तारीख पाहून सुस्कारा सोडतात. मराठी सूचनेत दोन्ही तारखा हव्यात: ‘८ जूनला उगमस्थानाहून निघणारी, नाशिकरोडला १० जूनच्या पहाटे ०१.४० ची गाडी रद्द’. तसंच, २३.२० ची गाडी दोन तास उशिरा आली तर ती पुढच्या तारखेला ०१.२० ला येते, पण तिची ओळख आदल्या तारखेचीच राहते.

फोटोच नीट नसेल तर

वरचं सगळं आकडे बरोबर वाचले गेले आहेत असं धरून आहे. एसटीच्या फलकांवर ते धरता येत नाही. ठक्कर बझार, महामार्ग किंवा निमाणीच्या फलकावर देवनागरी अंक असतील आणि ॲप इंग्रजी अंक शोधत असेल, तर आकार पाहून ते फसतं. देवनागरी १ त्याला 9 वाटतो, ५ चा 4 होतो, ४ चा 8 होतो.

यातल्या बऱ्याच चुका स्वतःहून उघड्या पडतात. १५.४५ चं 94.84 झालं तर तसा तास नाही आणि तसं मिनिटही नाही. ०५.४० चं 04.80 झालं तरी मिनिटांचा आकडा साठच्या वर गेलेला दिसतो. गप्प राहते ती ०५.०० ची बस. ती 04.00 होते, दिसायला अगदी शहाणी वेळ, आणि माणूस एक तास आधी स्थानकात थंडीत बसून राहतो. तशीच ०५.३० ची 04.30. म्हणून मिनिटं साठच्या आत आहेत एवढ्यावर विसंबू नका. दुसरी तपासणी क्रमाची: बसच्या वेळा फलकावर बहुधा सकाळपासून रात्रीकडे चढत्या क्रमाने असतात. जिथे क्रम मोडला, किंवा एकच वेळ दोनदा आली, तिथे मूळ फोटो मोठा करून तो आकडा डोळ्यांनी वाचा. पाच आणि चार असलेल्या सगळ्या वेळा तर डोळ्यांनीच पाहाव्यात. एका फलकावर अशा फार नसतात.

रकाने सरकण्याचं कारण वेगळं असतं. तक्त्यात एखादी चौकट रिकामी असली की ॲप तिला मोजत नाही आणि खालचा मजकूर वर ओढतं. वरच्या नमुन्यात दुसऱ्या ओळीचा शेरा रिकामा आहे. तिसऱ्या ओळीत शेरा असता तर तो दुसरीला चिकटू शकला असता. उपाय साधा आहे. एक फोटो पूर्ण तक्त्याचा काढा, तो फक्त ताडून पाहायला. मग मथळ्यासकट पाच-सहा ओळींचे तुकडे काढा आणि ॲपला ते द्या. शेवटी प्रत्येक रकान्यात किती नोंदी आल्या ते मोजा. वेळा अठरा आणि वार सोळा असतील तर दोन कुठेतरी गळले आहेत किंवा सरकले आहेत.

फोटो काढताना जवळ जाऊन तिरका काढण्यापेक्षा दोन पावलं मागे सरकून, फलकासमोर सरळ उभं राहून दुपटीने झूम करा. काच किंवा लॅमिनेशन असेल तर फ्लॅश बंद. दिव्यांच्या पाटीवर काळे पट्टे येतात आणि अर्ध्या ओळी गायब होतात. प्रो मोडमध्ये शटर १/३० सेकंदावर नेलं की पट्टे बरेच कमी होतात, हात मात्र टेकवून ठेवावा लागतो. या पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजी अशा आळीपाळीने बदलतात. मराठी पान येईपर्यंत थांबलात तर भाषांतराची गरजच उरत नाही. हे इतकं उघड आहे की कुणी करत नाही.

एसटीच्या मराठी फलकाचा फोटो हिंदी किंवा इंग्रजीत द्यायचा असेल, त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या बाहेरच्या पाहुण्यांसाठी तो बऱ्याचदा द्यावा लागतो, तर दोन शब्द सांभाळा. ‘रविवार सोडून’ मधल्या ‘सोडून’चं ॲप ‘सोडणे’ करतं आणि बस फक्त रविवारी सुटते असा अर्थ निघतो, म्हणजे बरोबर उलटा. आणि ‘मुक्कामी’ बस म्हणजे रात्री शेवटच्या गावी थांबून सकाळी परत फिरणारी. पाहुण्याला ती परतीसाठी सांगू नका, त्या रात्री ती परत येत नाही.

तयार तक्त्याखाली मूळ फोटोची तारीख आणि तो कुठल्या फलकाचा आहे ते लिहा, ग्रुपवर टाकल्याची तारीख नको. पुढे पाठवता पाठवता दोन वर्षांपूर्वीचा तक्ता आजचा म्हणून फिरतो, आणि तेव्हा वरचे सगळे हिशेब बरोबर असूनही गाडी चुकते.